घाम तीन मिनिटांचा, जागरण दोन तासांचं

*डॉक्टर ताई, माझं वय ५१. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी करते. साडेनऊला अंथरुणाला पाठ टेकते, सव्वादहापर्यंत डोळा लागतो. दोनच्या सुमाराला छातीतून वाफ निघाल्यासारखी होते, मान आणि पाठ भिजते, मग थंडी वाजते. त्यानंतर चारपर्यंत टक्क जागी. साडेपाचला उठावंच लागतं. दुपारी दीड तास झोपते म्हणून दिवस निभतो. हे म्हणतात सोलापूरचा उकाडा आहे, पण गड्ड्याच्या थंडीतही माझं हेच होतं. शेजारणीने तिची झोपेची अर्धी गोळी दिली, दोनदा घेतली. बीपीची गोळी चालू आहे. सून म्हणते दवाखान्यात दाखवा, पण ‘झोप येत नाही’ एवढंच सांगायला जायचं कसं, लाज वाटते.*
*– एक वाचक, सोलापूर*

ताई, तुम्ही वेळा इतक्या नेमक्या लिहिल्या आहेत की अर्धं काम तुम्हीच केलंय. त्या वेळांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. तुमचा घाम आणि तुमचं जागरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम वाफ येते ती एक ते पाच मिनिटं राहते, बहुतेकींना तीन-चार. दोनला आलेली वाफ सव्वादोनच्या आत ओसरलेली असते. पुढचे पावणेदोन तास तुम्ही जाग्या असता ते घामामुळे नाही, मोडलेल्या झोपेला जी सवय लागली आहे तिच्यामुळे. सवय घरात बसून दुरुस्त होते, वाफेला गरज पडली तर औषध आहे. दोन्हींना एकच उपाय शोधत राहिलं की वर्षं जातात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांची तशीच गेलेली असतात.

आधी वाफेचं सांगते, कारण उकाड्यावर ढकलून तो विषय घरात मिटवला जातो. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. पाळी चालू असताना अंग थोडं तापलं, थोडं निवलं, तर ती जागा दुर्लक्ष करते. इस्ट्रोजेन घटल्यावर तिचा हा सोशिकपणा जातो. अंगाचं तापमान जरासं वर सरकलं तरी तिला वाटतं की शरीर फार तापलंय. मग ती एकदम सगळे मार्ग उघडते: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कानशिलं तापतात, छाती धडधडते, घाम फुटतो. खरं तर अंग तेवढं तापलेलंच नसतं, त्यामुळे या घामाने ते गरजेपेक्षा जास्त निवतं. तुम्हाला नंतर थंडी वाजते ती त्याचीच. म्हणून हे जानेवारीतही होतं. उन्हाळ्यात त्रास वाढतो हे खरं, पण त्याचं मूळ हवेत नाही.

त्या थंडीपाशी जरा थांबूया, कारण चूक इथेच होते. मी स्वतः एकोणपन्नासाव्या वर्षी ही चूक रोज रात्री करत होते. घाम आला की पांघरूण लाथाडायचं, पंखा पाचवर. तीन मिनिटांनी हुडहुडी भरली की आपली जाडजूड सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढायची. ओल्या गाऊनवर जाड चादर, आत अंग पुन्हा तापतं आणि तासाभरात दुसरी वाफ. मला वाटायचं की मला रात्री तीन वेळा वाफ येते. त्यातली निदान एक मी स्वतः बोलावत होते.

तेव्हा तुम्ही असं करा. झोपताना सुती, सैल, समोरून उघडणारा गाऊन घाला. नायलॉन किंवा सॅटिन नको, त्यात घाम जिरत नाही. पाठीखाली पलंगपोसावर एक टर्किश टॉवेल आडवा अंथरा. आपल्या गावात टॉवेल काही दुर्मीळ नाहीत. उशाशी दुसरा कोरडा टॉवेल आणि एक कोरडा गाऊन घडी करून ठेवा, म्हणजे अंधारात हाताला लागेल. वाफ आली की उठून बसा, मान आणि छाती पुसा, गाऊन बदला, पाठीखालचा ओला टॉवेल काढून कोरडा टाका. दिवा लावायचा नाही, मोबाइल बघायचा नाही. किती वाजले हेसुद्धा बघायचं नाही. घड्याळ भिंतीवर असेल तर रात्रीपुरतं तोंड फिरवून ठेवा. थंडी वाजली तर फक्त पायांवर पातळ सुती पांघरूण घ्या. धड उघडंच राहू द्या, दोन-तीन मिनिटांत थंडी आपोआप ओसरते. जाड चादर त्या काळात कपाटात राहू द्या. फोमची गादी पाठीखाली उष्णता धरून ठेवते. घरात कापसाची गादी असेल तर महिनाभर तिच्यावर झोपून बघा.

कुलरबद्दलही सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा पाण्याचा कुलर छान काम करतो, पण समोरची एक खिडकी उघडी हवी. खिडक्या बंद करून कुलर लावला की खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळत नाही. पावसाळा सुरू झाला की कुलरचं पाणी बंद करा आणि नुसता पंखा ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये ‘कुलर असूनही घाम येतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकींचा कुलरच घाम वाळू देत नसतो.

एक मात्र खरं सांगायला हवं. गारवा ठेवल्याने वाफांची संख्या फारशी कमी होते असं दिसलेलं नाही. याचा उपयोग एवढाच की वाफ ओसरल्यावर तुम्ही लगेच परत झोपू शकता. पण तुमच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

संध्याकाळचं काय? झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. तुमच्या ऑर्डरी संध्याकाळी होतात की सकाळी, हे पत्रात नाही. पण भाकरी कडक करायला तव्यापाशी तास-दीड तास उभं राहून तुम्ही लगेच साडेनऊला आडव्या होत असाल, तर आतून तापलेलं अंग घेऊन झोपताय. शक्य असेल तर भाकऱ्या सकाळी करा आणि संध्याकाळी फक्त चटणी कुटणं, पॅकिंग ठेवा. ते जमत नसेल तर शेवटची भाकरी तव्यावरून उतरल्यापासून झोपेपर्यंत दीड-दोन तास जाऊ द्या. मधे कोमट पाण्याने अंघोळ करा. नळाला पाणी आलेलं नसेल त्या दिवशी अर्ध्या बादलीत हातपाय धुतले तरी चालेल. पाणी कोमटच हवं. कोमट पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता बाहेर पडते, थंडगार पाण्याने त्या आवळतात. चहा दुपारी चारनंतर बंद. तिखटाने सगळ्याच बायकांना वाफ येत नाही, त्यामुळे मी तुमची शेंगा चटणी सोडायला सांगणार नाही. आठवडाभर रात्रीच्या जेवणात न घेता बघा, फरक पडला तर दुपारी खा.

आता जागरणाकडे येऊ. तुमच्याच वेळांचा हिशोब मांडते. साडेनऊ ते साडेपाच म्हणजे आठ तास तुम्ही अंथरुणात असता. सव्वादहा ते दोन पावणेचार तास झोप आणि चार ते साडेपाचमध्ये धरा सव्वा तास, म्हणजे रात्रीची पाच तास. दुपारची दीड तास मिळवली की साडेसहा तास झाले. तुमच्या शरीराला चोवीस तासांत जवळजवळ साडेसहा तास झोप मिळतेच आहे, फक्त ती तुकड्यातुकड्यांनी मिळते. आठ तासांच्या अंथरुणात पाच तासांची झोप पसरली आहे, म्हणून मधे एवढं मोठं भगदाड पडतं. आणि रोज दोन ते चार तळमळत काढल्यामुळे अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, असं मेंदूने पक्कं धरलंय. झोप पुरी व्हावी म्हणून लवकर आडवं व्हायचं, हे बहुतेक घरांतून सांगितलं जातं. तुमच्या वयात आणि या त्रासात ते नेमकं उलटं पडतं.

म्हणून अंथरुणातला वेळ कमी करायचा. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण निद्रानाशावर सगळ्यात भरवशाचा उपाय हाच आहे आणि पाळी गेलेल्या बायकांवरही तो तपासलेला आहे. पहिले दोन आठवडे काही बदलू नका, फक्त वहीत लिहा. सकाळी चहा पिताना अंदाजाने लिहायचं: किती वाजता आडवी झाले, साधारण कधी झोप लागली, घामाने किती वेळा जाग आली, एकूण किती वेळ जागी होते, कधी उठले. बाजूला दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा. पाच मिनिटांचं काम आहे, रात्री उठून लिहायचं नाही.

दोन आठवड्यांची सरासरी तुमच्या पत्राप्रमाणे पाच तासच निघाली तर अंथरुणाला सहा तास द्या. उठायची वेळ साडेपाच, ती रविवारीही हलवायची नाही. तिथून मागे मोजलं की झोपायची वेळ साडेअकरा येते. साडेअकराच्या आधी आडवं व्हायचं नाही, डोळे मिटत असले तरी. दुपारची झोप वीस-तीस मिनिटं, तीही तीनच्या आत, गजर लावून. पाचेक तास झोप रात्रीच्या सहा तासांत बसू लागली, म्हणजे मधली जाग एकूण तासाभराच्या आत आली आणि आठवडाभर तशी राहिली, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सव्वाअकरा. पुढच्या आठवड्यात तसंच टिकलं तर अकरा. मधली जाग पुन्हा वाढली की तिथेच थांबा. असं करत बहुतेकजणी साडेदहा-पावणेअकराच्या आसपास स्थिरावतात.

पहिला आठवडा जड जातो हे आत्ताच सांगून ठेवते. संध्याकाळी सात-आठला पेंग येईल, चिडचिड होईल. त्या दिवसांत स्कूटी चालवू नका आणि तव्यापाशी एकट्या उभ्या राहू नका, सुनेला जवळ ठेवा. फिट येण्याचा आजार किंवा कधी मनोविकाराचे मोठे झटके येऊन गेले असतील, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. आणि अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीच आणू नका.

दुसरा नियम मधल्या जागेपणाचा. गाऊन बदलून आडव्या झालात आणि अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून खोलीबाहेर या. लहान घरात जायचं कुठे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. स्वयंपाकघरात पाट टाकून बसा. छोटा मंद दिवा पुरे. शेंगदाणे निवडा, धुतलेले टॉवेल घडी करा, जपमाळ ओढा, काहीही ज्यात हात चालतात आणि डोकं चालत नाही. मोबाइल नको, उद्याच्या ऑर्डरीचा हिशोब तर नकोच. पापण्या जड झाल्या की परत जा. रात्रीत तीनदा करावं लागलं तरी चालेल. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमचे यजमान रात्री उठून बघतील आणि पुन्हा उकाड्याचीच चर्चा सुरू होईल.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचं उदाहरण देते. वय बावन्न, रात्री दोनदा घाम, मधे दीड-दोन तास जागरण. तिने साडेअकरा ते साडेपाच सुरू केलं. चौथ्या दिवशी मला फोन करून ती रडली आणि म्हणाली, हे जमणार नाही. मी तिला आठवडा पुरा करायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिच्या वहीत घामाची जाग दोनदाच होती, एकही कमी झाली नव्हती, पण त्यानंतरचं जागरण वीस मिनिटांवर आलं होतं. पाचव्या आठवड्यात ती पावणेअकराला झोपत होती. वाफांवर तिने पुढे औषध घेतलं, पण ते ठरवताना ती झोपलेली होती, थकून गळून गेलेली नव्हती.

शेजारणीची गोळी मात्र आता घेऊ नका. अशा गोळ्यांनी वाफ थांबत नाही, फक्त तुम्ही गुंगीत असता. रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागलेली असतात. चार-सहा आठवड्यांत सवय लागते. तुम्ही दोनदाच घेतली आहे, त्यामुळे सरळ सोडा. ही गोळी महिनोन्महिने रोज घेणाऱ्या वाचकांनी मात्र एकदम बंद करायची नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

तुमच्या बीपीच्या गोळीचं नावही बघा. पाकिटावर अॅम्लोडिपिन लिहिलं असेल, तर त्या औषधानेही काहींना चेहरा लाल होऊन गरम वाटतं, पायाला सूज येते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्रीची एक जाग तिचीही असू शकते. स्वतःच्या मनाने बंद करू नका, वेळ किंवा औषध बदलता येईल का ते विचारा.

आता वाफेवरचं औषध. झोपेच्या वेळा सुधारूनही घामाने रोज दोनदा-तीनदा जाग येत असेल तर घ्यायला हरकत नाही, आणि त्रास आत्ताच असह्य असेल तर पाच आठवडे थांबायचीही गरज नाही. अनेकींचा त्रास सात वर्षांहून जास्त चालतो, तेव्हा ‘जाईल आपोआप’ म्हणून किती वाट बघायची? वाफेवर सगळ्यात गुणकारी औषध इस्ट्रोजेनच. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील तर बहुतेकींसाठी त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त ठरतो. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका येतो. प्रोजेस्टेरॉनचा एक प्रकार रात्री घेतला की थोडी गुंगी आणतो, ती इथे उपयोगी पडते. इस्ट्रोजेन कातडीवर लावायच्या जेलनेही देता येतं आणि त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला दोन-तीन महिने द्या. दोन्ही हार्मोन वर्षानुवर्षं घेतले तर स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, म्हणून दरवर्षी आढावा घ्यायचा. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा यकृताचा मोठा आजार होऊन गेला असेल, तर हा मार्ग सहसा बंद असतो. तुमचं बीपी आधी आटोक्यात हवं.

हार्मोन नको असतील किंवा चालत नसतील तर रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन झोपताना देतात. त्याने गुंगी येते, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करतात. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन ही मूळची नैराश्यावरची औषधंही कमी मात्रेत वाफा कमी करतात. व्हेन्लाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, तेव्हा तुम्हाला ते चालेल का हे विचारूनच घ्या. सोया, जडीबुटीच्या कॅप्सूल आणि ‘हॉट फ्लशसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग पावडरींचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही. ते पैसे वाचवा.

रात्रीचा प्रत्येक घाम पाळी गेल्याचाच असतो असं समजू नका. घामाबरोबर संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं यातलं काही असेल तर आधी टीबीची तपासणी. दिवसाही छाती धडधडते, हात कापतात, तर थायरॉइड. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पहाटे घाम येत असेल तर त्याच वेळी साखर मोजा, ती उतरलेली असू शकते. पाळी गेल्यावर बायकांचं घोरणं वाढतं. तुमच्या यजमानांना विचारा, घोरता घोरता श्वास अडकतो का? तसं असेल तर ती वेगळी तपासणी आणि वेगळा इलाज. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी आठवडाभरात दाखवायचं, झोपेचं सगळं बाजूला ठेवून.

दवाखान्यात काय सांगायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर सिव्हिलमध्ये स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत जा. ‘झोप येत नाही’ एवढंच म्हटलंत तर झोपेची गोळी मिळण्याची शक्यता जास्त. म्हणा, ‘पाळी जाऊन दीड वर्ष झालं, रात्री घामाने इतक्या वेळा जाग येते, ही दोन आठवड्यांची वही.’ बीपीच्या गोळीचं पाकीट बरोबर न्या. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा कर्करोग किंवा पायात गुठळी झाली होती का, ते घरून निघतानाच विचारून ठेवा. सुनेला सोबत घेऊन जा, तिने स्वतःच सुचवलंय.